बोंडअळीपासून टिपणापर्यंत : नागपूरच्या शाळांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील उच्च प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि ग्रंथालयाची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

शालेय ग्रंथपाल म्हणून माझी नोकरी नागपुरातच झाली. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी दर शनिवारी सहावी ते आठवीच्या मुलांची ग्रंथालयाची तासिका घेत आहे. आपल्या वेळापत्रकात ही तासिका बहुधा असते, आणि त्या वेळात मुले गोष्टीची पुस्तके बदलून घेतात. ते चालूच राहावे. परंतु हव्या त्या विषयाचे पुस्तक स्वतः शोधणे आणि त्यातून पाच-सहा ओळींचे टिपण स्वतःच्या शब्दांत लिहिणे ही दोन कामे या वयातल्या मुलांना कोणी शिकवत नाही. ती कशी शिकवता येतात, कुठे अडतात आणि त्यासाठी शाळेला काय करावे लागते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उदाहरण सातवीतल्या एका मुलीचे आहे. तिच्या मामांची हिंगण्याकडे शेती आहे. दिवाळीच्या सुटीत मामांनी वरून धडधाकट दिसणारे एक हिरवे बोंड फोडून तिला दाखवले आणि आत गुलाबी अळी निघाली. सुटी संपल्यावर ती मला विचारू लागली, "बाई, बोंडाला बाहेरून भोकच नव्हते, मग अळी आत गेली कशी?" मी उत्तर दिले नाही. पुढच्या शनिवारी आपण ते पुस्तकात शोधू, एवढेच सांगितले. असा नेमका प्रश्न हाती असला की ग्रंथालय शिकवणे सोपे जाते. "कापूस या विषयावर माहिती लिहा" असा प्रकल्प दिला, तर मूल चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार छापील पाने आणते आणि चिकटवते, कारण त्या प्रश्नात शोधण्यासारखे काही उरलेलेच नसते.

पहिली अडचण कपाटापाशीच येते. बहुतेक शाळांत पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली असतात. ज्या दिवशी पुस्तक आले त्या दिवशी दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला, आणि त्याच क्रमाने ते फळीवर बसले. हिशेबतपासणीच्या वेळी मोजणी करायला ही मांडणी सोयीची आहे, परंतु शोधणाऱ्याला तिचा काहीही उपयोग नाही. आमच्याकडे कापसाच्या लागवडीची दोन पुस्तके होती. एकाचा दाखल क्रमांक 112 होता आणि दुसऱ्याचा 846. ती दोन वेगवेगळ्या कपाटांत होती आणि त्यांच्या शेजारी भलतीच पुस्तके होती. दाखल क्रमांक पुस्तकावर आणि नोंदवहीत राहू द्यावा, तो पुसण्याचे कारण नाही. फक्त पाठीवर विषयाच्या वर्गांकाची एक चिठ्ठी चिकटवावी आणि पुस्तके त्या वर्गांकाने लावावीत.

वर्गांकासाठी ड्यूई दशांश वर्गीकरण पुरेसे आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी ते 1876 मध्ये मांडले आणि आजही जगभरातील शाळांत व सार्वजनिक ग्रंथालयांत ते चालते. त्यात सगळ्या ज्ञानाचे 000 ते 900 असे दहा मुख्य वर्ग केलेले आहेत. ते दहाही वर्ग मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत. मी सुरुवातीला तसे करून पाहिले. मुलांनी तक्ता घडाघडा म्हणून दाखवला आणि फळीपुढे उभी राहिल्यावर ती पूर्वीइतकीच गोंधळली. मुलाने समजून घ्यावी अशी एकच गोष्ट आहे : या पद्धतीत पुस्तकाची जागा वस्तूवरून ठरत नाही, त्या वस्तूकडे आपण कोणत्या शास्त्राच्या नजरेने पाहतो यावरून ठरते.

ही गोष्ट शिकवायला आपल्या भागात कापसासारखे दुसरे उदाहरण नाही. कपाशी कशी पेरावी, तिची निगा कशी राखावी हे सांगणारे पुस्तक शेतीच्या वर्गात 633.51 येथे बसते. त्याच कापसाचे सूत आणि कापड कसे होते हे सांगणारे पुस्तक वस्त्रनिर्मितीत, 677.21 येथे जाते. कापसाचे भाव आणि बाजार यांचे पुस्तक अर्थशास्त्रातल्या 338 मध्ये असते. जमशेटजी टाटांनी उभारलेली आणि 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल ज्यात येते असे नागपूरच्या इतिहासाचे पुस्तक 954 मध्ये सापडेल. कापूस एकच आहे, जागा चार आहेत. "कापसाची पुस्तके कुठे आहेत?" असे विचारणाऱ्या मुलाला म्हणूनच उलट विचारावे लागते, "कापसाबद्दल तुला काय हवे आहे?" हा उलट प्रश्न मूल स्वतःच स्वतःला विचारू लागले की विषयावरून पुस्तक शोधण्याचे निम्मे काम झाले.

आमच्या मुलीने आधी 595 गाठले, कारण अळी हा कीटक आणि कीटक तिथे असतात. तिचे चुकले नव्हते. फुलपाखरे आणि पतंग यांच्या एका पुस्तकात अंडे, अळी, कोष आणि पतंग या चार अवस्था तिला चित्रांसह मिळाल्या, पण बोंडाचा त्यात उल्लेखही नव्हता. मग मी तिला विचारले, "ही अळी कोणाची शत्रू आहे?" तेव्हा ती शेतीकडे वळली. तिथे दोन जागा निघाल्या : पिकांवरच्या किडींची 632 आणि खुद्द कापसाची 633.51. उत्तर सापडले ते 633.51 मधल्या एका पातळ पुस्तिकेत.

या पुस्तिकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याच सर्वांत आधी हरवतात. कृषी विभागाच्या घडीपत्रिका, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका आणि आपल्याच शहरात असलेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणची छापील माहिती शाळेत येते, वर्षभर टेबलावर पडून राहते आणि नंतर रद्दीत जाते. त्यांना पाठ नसते, त्यामुळे फळीवर त्या उभ्या राहत नाहीत आणि चिठ्ठी चिकटवायलाही जागा मिळत नाही. त्या पुठ्ठ्याच्या उभ्या खोक्यात ठेवून खोक्यावर वर्गांक लिहावा आणि खोके त्या वर्गाच्या फळीवरच ठेवावे. मुलांच्या खऱ्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा याच खोक्यांत मिळतात.

दुसरी अडचण शब्दांची आहे, आणि ती मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. आमच्या मुलांच्या तोंडी कापूस हा शब्द फक्त वेचलेल्या, पांढऱ्या कापसासाठी असतो. शेतात उभी असते ती कपाशी किंवा पऱ्हाटी, आणि बी म्हणजे सरकी. विषयतालिकेत मात्र "कापूस" एवढे एकच शीर्षक असते. पऱ्हाटी शोधणाऱ्या मुलाला "प"च्या कप्प्यात काही मिळत नाही आणि आपल्या ग्रंथालयात या विषयावर पुस्तकच नाही, असे समजून ते परत जाते. यावर ग्रंथालयशास्त्रात जुना आणि साधा उपाय आहे, तो म्हणजे "पहा" कार्ड. एका कार्डावर "पऱ्हाटी – पहा : कापूस", दुसऱ्यावर "कपाशी – पहा : कापूस" असे लिहून ती कार्डे आपापल्या वर्णक्रमाच्या जागी लावायची. खुद्द "कापूस" या कार्डाखाली "हेही पहा : पिकांवरील कीड, वस्त्रोद्योग" एवढी ओळ जोडायची. ही कार्डे मुलांकडूनच करून घ्यावीत. एका वस्तूला घरात, शेतात आणि पुस्तकात कोणकोणती नावे आहेत हे गोळा करताना मुले फार रमतात, आणि पुढे कुठल्याही सूचीत एक शब्द सापडला नाही तर दुसरा घालून पाहण्याची सवय त्यांना इथेच लागते. आमच्या खोक्यात आज "भुईमूग", "ज्वारी" आणि "संत्रे" यांचीही अशी कार्डे आहेत, आणि ती सगळी मुलांच्या अक्षरातली आहेत.

वर्णक्रमाची मात्र थोडी तयारी करून घ्यावी लागते. मुलांना मुळाक्षरे येतात, पण "कपाशी" आधी की "कापूस" आधी हे पटकन सांगता येत नाही. पहिले अक्षर सारखे असेल तर बाराखडीने पुढे जायचे, हे दहा शब्दांच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या की एका तासिकेत बसते. मराठी विश्वकोशात "कापूस" ही नोंद शोधायला लावणे हा त्याचा उत्तम सराव आहे, कारण तिथे वर्गांक नसून केवळ वर्णक्रम आहे.

तिसरी अडचण दशांशाची. ही चूक मी दरवर्षी पाहते आणि ती इतकी ठरावीक आहे की ती होण्याआधीच ओळखता येते. 633.18, 633.2, 633.51 आणि 633.6 अशा चार चिठ्ठ्या मुलांपुढे टाकून क्रमाने लावायला सांगितल्या, तर बरीच मुले 633.2, 633.6, 633.18, 633.51 असा क्रम लावतात, कारण त्यांच्या मनात दोनापेक्षा अठरा मोठे आणि सहापेक्षा एक्कावन्न मोठे असतात. गणितात त्यांनी दशांश अपूर्णांक शिकलेले असतात, पण ते फळीवर लागू पडतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. बिंदूनंतर एकेक अंक डावीकडून वाचायचा आणि रिकाम्या जागी शून्य आहे असे समजायचे, म्हणजे 633.2 हे 633.20 होते आणि ते 633.18 च्या नंतरच येते, हे गणिताच्या शिक्षकांनी एकदा फळीपाशी येऊन सांगितले तर अधिक चांगले. लहान संग्रहाला सगळीकडे दशांश लागतही नाही. जिथे चार-पाचच पुस्तके आहेत तिथे तीन अंक पुरे आहेत. आम्ही बिंदूपुढचे अंक फक्त शेती आणि प्राणी या गर्दीच्या वर्गांना दिले.

पुस्तक हाती आल्यावर मूल ते पहिल्या पानापासून वाचू लागते, आणि तासिका तिथेच संपते. इथे अनुक्रमणिका वापरायला शिकवावे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असेल तर काम आणखी सोपे होते, पण मुलांसाठीच्या बहुतेक मराठी पुस्तकांत ती नसते, त्यामुळे अनुक्रमणिकेवरच भिस्त ठेवावी लागते. आमच्या पुस्तिकेत "ओळख", "जीवनक्रम", "नुकसानीचा प्रकार" आणि "व्यवस्थापन" अशी चार प्रकरणे होती. उत्तर कोणत्या प्रकरणात असेल, याचा अंदाज पान उघडण्यापूर्वी बांधायला मी सांगते. मुलीने "नुकसानीचा प्रकार" निवडले आणि तिला तो मजकूर मिळाला. त्या पानाचा आशय माझ्या शब्दांत असा : मादी पतंग पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी अगदी बारीक असते आणि ती लगेच आत शिरते. बोंड वाढत असल्याने शिरतानाचे ते बारीक छिद्र बुजून जाते. अळी आत राहून सरकी खाते आणि पूर्ण वाढल्यावरच गोल भोक पाडून बाहेर येते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या एकमेकींना जोडून टाकते, त्यामुळे फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात.

आता टिपण. पुस्तक उघडे ठेवून "महत्त्वाचे लिहून घे" असे सांगितले की मूल नक्कल करते. त्यात त्याची लबाडी नसते. छापील वाक्य समोर असताना त्याहून बरे वाक्य आपल्याला सुचेल, असे बारा वर्षांच्या मुलाला वाटतच नाही. त्या मुलीने पहिल्यांदा आणलेल्या टिपणात परिच्छेदातली पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी होती, फक्त मधले "आणि" गाळले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या-चौथ्या वाक्यात होते, ते आलेच नव्हते. नक्कल ओळखण्याची माझी खूण हीच आहे : टिपणात परिच्छेदाची सुरुवात असते आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नसते.

म्हणून मी क्रम बदलला. आधी 12.5 सेंटीमीटर लांब आणि 7.5 सेंटीमीटर रुंद अशा कार्डाच्या माथ्यावर मुलाने आपला प्रश्न लिहायचा. ग्रंथालयाच्या तालिकेचे कार्ड याच मापाचे असते, आणि त्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मावत नाही, म्हणूनच ते टिपणाला योग्य आहे. मग मजकूर दोनदा वाचायचा. दुसऱ्या वाचनाच्या वेळी प्रश्नाशी संबंध असलेले तीनच शब्द कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचे. तिने "बारीक अळी", "छिद्र बुजते", "सरकी" एवढे लिहिले. त्यानंतर पुस्तक मिटून शेजारच्या मुलाकडे द्यायचे आणि शेजाऱ्याला उत्तर तोंडी सांगायचे. तोंडी सांगताना मूल आपोआप स्वतःच्या भाषेत बोलते, आणि जे बोलले तेच लगेच लिहायचे असते. शेवटी पुस्तक पुन्हा उघडून आपण लिहिलेले बरोबर आहे का, हे ताडून पाहायचे.

तिचे दुसरे टिपण असे होते : "अळी बोंडात जाते तेव्हा खूप बारीक असते म्हणून छिद्रही बारीकच पडते. बोंड वाढते आणि ते छिद्र बुजून जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. आत ती सरकी खाते. भोक दिसले तर ते बाहेर निघाल्याचे असते." शेवटचे वाक्य पुस्तिकेत नव्हते. ते तिने दोन गोष्टी जोडून काढले होते, आणि ते बरोबर आहे. पहिल्या मसुद्यात मात्र तिने "अळी बोंड खाते" असे लिहिले होते. ताडून पाहताना तिला "सरकी" सापडले आणि तिने ते स्वतः दुरुस्त केले. ताडून पाहण्याची पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळू नये, असे मी आग्रहाने सांगते ते यासाठीच.

कार्डाच्या तळाशी स्रोताची एक ओळ हवी : लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ. पुस्तिकेवर माणसाचे नाव नसेल तर ती काढणाऱ्या संस्थेचे नाव लेखकाच्या जागी लिहावे, आणि वर्ष छापलेले नसेल तर तसे स्पष्ट नोंदवावे. ही ओळ मुलांना जाच वाटते, कारण ती मागण्याचे कारण आपण त्यांना सांगत नाही. मी ते कारण दाखवते. त्याच खोक्यात काही वर्षांपूर्वीची आणखी एक पुस्तिका होती आणि तिच्यात बीटी बियाणे लावले की बोंडअळीपासून संरक्षण मिळते, असे म्हटले होते. बीटी कापसाला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते विधान खरेच होते. पुढे गुलाबी बोंडअळीत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांचे तिने केलेले नुकसान या मुलांच्या घरच्यांनी सोसले आहे. दोन्ही पुस्तिका जाणकारांनीच लिहिलेल्या होत्या. फरक फक्त वर्षाचा होता. दोन कार्डे शेजारी ठेवून वर्षे वाचायला सांगितली तेव्हा वर्गातल्या एका मुलाने विचारले, "म्हणजे जुने पुस्तक खोटे झाले का?" त्यावर अर्धी तासिका चर्चा झाली. जुन्या पुस्तकातली अळीच्या अवस्थांची चित्रे आजही बरोबर आहेत, तिच्यावरच्या उपायाचे विधान मात्र जुने झाले आहे, येथपर्यंत मुले स्वतः पोहोचली. त्या दिवसानंतर वर्ष लिहायची आठवण मला करावी लागली नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. साठ मुलांच्या वर्गाला एकाच वेळी कपाटापुढे नेता येत नाही. निम्मी मुले चिठ्ठ्या लावण्याचा सराव करतील आणि निम्मी शोधतील, अशी वाटणी करावी लागते. ज्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही त्यांना टिपण लिहिता येणार नाही. त्यांना शोधण्याच्या आणि तोंडी सांगण्याच्या कामात घ्यावे, लिहिण्याची सक्ती करू नये. आणि कपाटात जे पुस्तकच नाही ते कोणत्याही वर्गांकाने सापडणार नाही. अशा प्रश्नांची वेगळी यादी भिंतीवर लावावी आणि पुढची पुस्तक खरेदी त्या यादीवरून करावी.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. पुस्तके काही प्रमाणात आपल्याकडे आहेतच. बहुतेक उच्च प्राथमिक शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नाही, हेही मला ठाऊक आहे, म्हणून माझी मागणी मोठी नाही. दिवाळीच्या सुटीआधी एकच कपाट निवडावे, शक्यतो शेती, प्राणी आणि विज्ञान यांचे. तीनशेच्या आसपास पुस्तकांना वर्गांकाच्या चिठ्ठ्या लावायला दोन शिक्षक आणि आठवीची दहा मुले यांना आम्हाला तीन शनिवार लागले होते. सुटीनंतर सातवीच्या वर्गाला ओळीने सहा तासिका द्याव्यात : पहिली प्रश्न ठरवण्याची, दुसरी "पहा" कार्डांची आणि वर्णक्रमाची, तिसरी फळीवरच्या दशांशाची, चौथी शोधण्याची आणि शेवटच्या दोन टिपणाच्या. त्या दोन्ही टिपणाला लागतातच, एकीत भागवू नये. तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. प्रश्नाचे उत्तर आले आहे का, वाक्ये मुलाची स्वतःची आहेत का आणि स्रोताची ओळ पुरी आहे का, एवढेच पाहावे.

चिठ्ठ्या लावण्याच्या पहिल्या शनिवारी मदतीला कोणी हवे असल्यास मी शहरातल्या कोणत्याही शाळेत येईन. येताना कोरी कार्डे आणि आमच्या मुलांनी केलेला "पहा" कार्डांचा खोका घेऊन येईन, म्हणजे आपल्या मुलांना तो पाहता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल
नागपूर